शाळा जास्त, पगार कमी: एका पाहणीचा उलगडा

१९९५ साली इंडोनेशियात एक मोठी सरकारी पाहणी झाली. शिक्षण किती, काम कोणतं, पगार किती, जन्म कुठल्या जिल्ह्यातला, असे नेहमीचेच प्रश्न होते. त्या पाहणीतले पुरुष जन्माच्या जिल्ह्यानुसार वेगळे काढले, की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ज्या जिल्ह्यांत सरकारने वीसेक वर्षांपूर्वी जास्त शाळा बांधल्या, तिथले पुरुष कमी शिकलेले निघतात आणि त्यांचा पगारही सुमारे ११ ते १४ टक्क्यांनी कमी भरतो. आकडे खोटे नाहीत, मोजणीत गफलत नाही. मग शाळांनी लोकांना गरीब केलं म्हणायचं का?

तसं कुणी म्हणणार नाही, कारण खरी गोष्ट उघड आहे. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, सुहार्तो सरकारच्या तिजोरीत पैसा आला आणि त्यातून पाच-सहा वर्षांत ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. शाळा वाटण्याचा नियम असा होता, की १९७२ मध्ये ज्या जिल्ह्यात शाळेबाहेरची मुलं जास्त, तिथं शाळाही जास्त. म्हणजे मागासलेपण आधीपासून होतं आणि शाळा त्याच्या मागून आल्या.

इथं निष्कर्षच विचित्र असल्यामुळे आपण थबकतो. पण ‘पदवीधरांची कमाई दहावी झालेल्यांपेक्षा जास्त’ असं वाचलं, की कुणी थबकत नाही. पदवीमुळेच कमाई वाढली, असं मनाशी धरून आपण पुढच्या बातमीकडे वळतो. वास्तविक चूक तीच आहे, फक्त ती आपल्या समजुतीच्या दिशेने झालेली असते.

पुण्यातल्या एखाद्या प्राध्यापकाचा मुलगा घ्या आणि दिवाळीच्या आगेमागे आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला बीड जिल्हा सोडणारी मुलगी घ्या. मुलाच्या घरात पुस्तकं आहेत, क्लासची फी भरायला पैसे आहेत, आजारपणात शाळा बुडली तरी अभ्यास घेणारं कुणीतरी आहे. पुढे नोकरी शोधताना वडिलांच्या ओळखीही आहेत. मुलीचं शैक्षणिक वर्ष कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला की मोडतं. पंधरा वर्षांनी पाहणी करणारा आला, तर त्याच्या तक्त्यात मुलासमोर ‘पदव्युत्तर’ आणि मोठा पगार, मुलीसमोर ‘सातवी’ आणि मजुरी, एवढंच येईल. दोघांच्या पगारातल्या फरकात शिक्षणाचा वाटा असेलच, पण किती आणि घराचा किती, हे त्या दोन रकान्यांतून कळायला मार्ग नाही. घर हे तिसरं कारण शिक्षणालाही वर खेचतं आणि पगारालाही. त्यामुळे शिक्षण-पगाराचं नातं असतं त्यापेक्षा घट्ट दिसू शकतं. संख्याशास्त्रात अशा दिसण्याला आभासी सहसंबंध म्हणतात.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडावी, तसला हा योगायोग मात्र नव्हे. योगायोगावर उपाय सोपा आहे: पाहणी मोठी करा, तो आपोआप गळून पडतो. तिसऱ्या कारणाचं तसं नाही. हजार माणसांऐवजी दहा लाख माणसं विचारली, तरी प्राध्यापकाचा मुलगा प्राध्यापकाचाच राहतो. उलट पाहणी मोठी झाली, की चुकीचा निष्कर्षही अधिक ठामपणे मांडता येतो.

यावर अभ्यासकांचा पहिला तोडगा म्हणजे सारख्या घरातल्या माणसांचीच तुलना करणं. वडिलांचं शिक्षण सारखं, गाव सारखं, जात सारखी, मग फरक बघा. ते बरंच आहे, पण पुरेसं नाही. जिद्द, तब्येत, हुशारी, आईने धरलेला हट्ट यांचे रकाने फॉर्मवर नसतात.

एस्थर डुफ्लो यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंडोनेशियाच्या त्याच पाहणीतून वाट काढली. (२०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलच्या तीन मानकऱ्यांपैकी त्या एक.) प्राथमिक शाळेचं वय साधारण सात ते बारा. १९७४ मध्ये जी मुलं दोन ते सहा वर्षांची होती, त्यांना नव्या शाळा मिळाल्या. जी तेव्हा बारा ते सतरा वर्षांची होती, त्यांची शाळेची वेळ टळून गेली होती. शाळा जास्त मिळालेल्या जिल्ह्यांत मोठ्या गटाचं सरासरी शिक्षण ८.०२ वर्षं होतं आणि धाकट्या गटाचं ८.४९. शाळा कमी मिळालेल्या जिल्ह्यांत तेच आकडे ९.४० आणि ९.७६. शिक्षण दोन्हीकडे वाढलं, कारण काळाबरोबर ते सगळीकडेच वाढत होतं. पण पहिल्या ठिकाणी वाढ ०.४७ वर्षाची आणि दुसऱ्या ठिकाणी ०.३६ वर्षाची. या दोन वाढींमधला फरक जेमतेम सव्वा-दीड महिन्याचा भरतो, आणि शाळांच्या खात्यावर मांडता येईल तो एवढाच. जिल्हा मुळात मागास असणं पहिल्या वजाबाकीत जातं, देशभर बदललेला काळ दुसऱ्या वजाबाकीत.

पण मागास जिल्हे तसेही जरा वेगाने पुढे येत असतील तर? ही शंका रास्त आहे. म्हणून डुफ्लो यांनी हीच वजाबाकी बारा ते सतरा आणि अठरा ते चोवीस या दोन गटांवर करून पाहिली. या दोन्ही गटांना नव्या शाळा मिळाल्या नव्हत्या. तिथं फरक आला ०.०३ वर्षाचा, म्हणजे जवळपास शून्य. मला या अभ्यासातला हा भाग सर्वांत पटतो. जिथं परिणाम दिसायलाच नको, तिथं तो खरोखर दिसत नाही ना, हे त्यांनी तपासलं.

दीड महिन्याच्या फरकावर पगाराचा हिशेब उभा करणं धोक्याचंच. म्हणून त्यांनी पुढे जिल्हे फक्त ‘जास्त’ आणि ‘कमी’ अशा दोन ढिगांत न टाकता, दर हजार मुलांमागे किती शाळा झाल्या हे प्रत्येक जिल्ह्यासाठी धरलं. हजार मुलांमागे एक शाळा वाढली, की शिक्षण ०.१२ ते ०.१९ वर्षांनी वाढलं आणि पगार दीड ते २.७ टक्क्यांनी. त्यावरून शिक्षणाच्या एका जादा वर्षामागे पगारात ६.८ ते १०.६ टक्के वाढ, असं उत्तर आलं.

गंमत म्हणजे शिक्षण आणि पगार यांची सरळ सांगड घातली असती, तरी उत्तर या टप्प्यातच आलं असतं. मग एवढा खटाटोप कशाला? तर सरळ सांगड बरोबर ठरली, हे खटाटोपानंतरच समजलं. शिवाय आभासी भाग असू शकतो याचा अर्थ सगळं नातंच आभासी आहे, असा होत नाही. ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे’ हे वाक्य फेकून नकोसा आकडा झटकून टाकणारेही काही कमी नाहीत.

या उत्तराला कुंपणं आहेतच. पगाराचा आकडा पगारी कामावर असलेल्यांचाच होता आणि असे पुरुष निम्म्याहून कमी होते. शेतकरी, दुकानदार त्यात आले नाहीत. दुसरं असं, की हा फायदा गावात शाळा आली म्हणून शिकू शकलेल्या मुलांचा आहे. त्यावरून पुण्यात एमबीएची फी भरावी की नाही हे ठरवणं चूक ठरेल.

आपल्याकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमबल सर्वेक्षणात शिक्षणाबरोबर बेरोजगारीचं प्रमाण वाढताना दिसतं. शिक्षणाने बेकारी येते, हा निष्कर्ष त्यावरून काढण्याआधी एक ध्यानात घ्या. सर्वेक्षणाच्या व्याख्येत बेरोजगार म्हणजे काम नसलेला, पण काम शोधणारा किंवा करायला तयार असलेला माणूस. मनासारखी नोकरी मिळेपर्यंत वर्षभर घरी थांबणं ज्याला परवडतं, तो या रकान्यात सापडतो. ज्याला परवडत नाही, तो मिळेल त्या मजुरीवर गेलेला असतो आणि त्याची नोंद ‘रोजगारात’ अशी होते.