साहिलच्या जागी शफाली

गल्लीत मुलगी खेळायला आली की पोरांचं उत्तर ठरलेलं असतं, "हिला लिंबूटिंबू घ्या." मग दिवसभर फिल्डिंग करायची आणि बॅटिंग मिळालीच तर शेवटी, अंधार पडायच्या बेताला. ती आउट झाली तरी धरत नाहीत, पण रन काढले तरी मोजत नाहीत. दिसायला ही सवलत असते, पण तिची विकेट कुणालाच नको असते, ही खरी मेख. बोलर तिला दोन पावलांवरून हळूच चेंडू टाकतो. तोच बोलर मागे जाऊन पूर्ण रनअप घेऊ लागला, की समजावं, पोरगी संघात आली.

हरियाणातल्या रोहतकच्या शफाली वर्माला ही पायरी गाठण्यासाठी केस कापावे लागले. वडील संजीव वर्मा दागिन्यांच्या धंद्यातले आणि क्रिकेटवेडे. मुलीला शिकवायला गावातल्या अकादम्या तयार होईनात. मुलांचा चेंडू लागला तर जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न. मग नऊ-दहा वर्षांच्या शफालीचे केस मुलासारखे बारीक झाले आणि ती मुलांत खेळू लागली. पुढे पानिपतला मुलांच्या बारा वर्षांखालील स्पर्धेच्या वेळी भाऊ साहिल आजारी पडला. वडिलांनी त्याच्या जागी तिला उतरवलं. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस तिनेच नेलं. केस कापून फार तर मैदानात शिरता येतं. समोरचा बोलर तिला मुलगा समजूनच पूर्ण जोर लावत होता, आणि त्याच जोराच्या चेंडूंवर तिने रन काढले.

मुलांत खेळण्याचा फायदाही तिथेच होता. वेगवान चेंडूला बॅट उचलायला वेळ कमी मिळतो, त्यामुळे नजर आणि हात लवकर तयार होतात. मुलींच्या क्रिकेटमध्ये आल्यावर तोच चेंडू तिला निवांत वाटला असेल, असा माझा अंदाज. 2019 मध्ये पंधराव्या वर्षी ती भारताकडून खेळली. त्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये तिने 49 चेंडूंत 73 धावा केल्या आणि सर्वांत लहान वयात आंतरराष्ट्रीय अर्धशतक करणारी भारतीय हा सचिनचा विक्रम मोडला.

2025 च्या विश्वचषकाच्या मूळ संघात मात्र ती नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून तिला बोलावणं आलं. नवी मुंबईतल्या अंतिम सामन्यात तिने 78 चेंडूंत 87 धावा केल्या. नंतर दक्षिण आफ्रिकेची जोडी जमलेली पाहून हरमनप्रीतने चेंडूही तिच्याच हातात दिला. ती काही नेहमीची बोलर नव्हे. पण गल्लीत सगळ्यांनाच ओव्हर टाकावी लागते. सुने लूस आणि मारिझान काप या दोघींना तिने झटपट परत पाठवलं, आणि सामनावीरही तीच ठरली.