प्लगचा रंग काय सांगतो?

प्लग ‘बिस्किटाच्या रंगाचा’ असला की इंजिन ठीक, हा गॅरेजमधला जुना नियम आहे. तो अगदीच खोटा नाही, पण जुन्या पेट्रोलचा आहे. शिसं असलेलं पेट्रोल जळल्यावर शिशाची संयुगं प्लगच्या चिनी मातीवर बसत आणि तिला तपकिरी छटा देत. 2000 साली देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं आणि ही छटा फिकट झाली. आज निरोगी इंजिनातला प्लगही कधीकधी जवळजवळ पांढरा दिसतो. तो बघून ‘गाडी तापतेय’ म्हणणं म्हणजे अर्धीच चिठ्ठी वाचणं. प्लगवर रंग कुठे आहे, हेही पाहावं लागतं.

कार्ब्युरेटर असलेली 100 सीसीची मोटारसायकल घेऊ. तिला सहसा CR7HSA या प्रकारातला प्लग असतो. अ‍ॅव्हरेज कमी झालंय, सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुरते. प्लग काढला तर टोक काळंकुट्ट. पहिलं काम म्हणजे बोट घासणं. काजळी कोरडी असून सहज पुसली गेली, तर ती न जळलेल्या पेट्रोलची आहे. काळपटपणा ओला, चकचकीत आणि बोटाला तेलकट लागला, तर दोष पिस्टन रिंगांत किंवा व्हॉल्व्हच्या सीलमध्ये शोधायचा. तिथे कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवून काही होणार नाही.

आपली काजळी कोरडी आहे. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते. इथे ती कमी पडतेय. एअर फिल्टर धुळीने भरला असेल, चोक पूर्ण उघडत नसेल किंवा कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पातळी जास्त असेल. हे तपासायचं सोडून काही जण एक नंबर ‘गरम’ प्लग लावतात. काजळी जळून जाते, टोक स्वच्छ दिसतं आणि गाडी पूर्वीइतकंच पेट्रोल पीत राहते.

प्लगचा गरम-थंडपणा म्हणजे ठिणगीची ताकद नव्हे, की सिलिंडरमधलं तापमानही नव्हे. चिनी मातीच्या टोकाची उष्णता किती लवकर सिलिंडर हेडमध्ये निघून जाते, एवढंच तो नंबर सांगतो. ‘गरम’ प्लगमध्ये या चिनी मातीचं नाक लांब असतं, उष्णतेला लांबचा रस्ता पडतो आणि टोक तापलेलं राहतं. ‘थंड’ प्लगचं नाक आखूड असतं. टोक साधारण 450 ते 500 अंशांवर गेलं की स्वतःची काजळी जाळतं. 800 अंशांच्या पुढे गेलं की तेच निखारा बनून ठिणगीच्या आधी पेट्रोल पेटवतं, आणि त्यात पिस्टनला भोकही पडू शकतं. प्लगचा नंबर या दोन मर्यादांमध्ये टोक ठेवण्यासाठी निवडतात. CR7HSA मधला 7 म्हणजे हाच नंबर. एनजीकेच्या पद्धतीत तो वाढला की प्लग थंड. बॉशच्या पद्धतीत उलट. कंपनी बदलताना इथेच घोळ होतो.

म्हणून क्रम असा: आधी मिश्रण, मग प्लगचा नंबर. मिश्रणासाठी टोकाकडे नाही, चिनी मातीच्या अगदी आत, तळाशी टॉर्च मारून पाहायचं. तिथे धुरकट कडं दिसतं. ते रुंद आणि गडद असेल तर पेट्रोल जास्त. मुळीच नसेल तर कमी. ही खूण मेन जेटविषयी हवी असेल तर नवा प्लग लावून, मोकळ्या सुरक्षित जागी काही काळ पूर्ण थ्रॉटलवर चालवून, क्लच दाबत लगेच इंजिन बंद करावं लागतं. सिग्नलला आयडलिंग करून घरी आणलेला प्लग आयडलिंगचीच हकिगत सांगतो. जुन्या प्लगवर तर महिन्यांची पुटं असतात.

उष्णतेची खूण वेगळीकडे असते: बाहेरच्या वाकलेल्या पट्टीवर. तापलेल्या भागाचा रंग जिथे बदलतो, ती रेघ वळणाच्या आसपास हवी. ती पट्टीच्या टोकाकडे सरकली असेल तर प्लग थंड पडतोय. मुळाकडे, आट्यांजवळ उतरली असेल तर फार तापतोय. मिश्रण बरोबर असूनही रेघ मुळाकडे असेल, तरच एक नंबर थंड प्लगचा विचार करावा. रोज दोन किलोमीटरच जाणाऱ्या गाडीत मात्र योग्य प्लगही काळा पडतो, कारण टोक तापण्याआधीच प्रवास संपतो.

चिनी मातीवर चकाकणारे बारीक कण दिसले, तर गाडी चालवणं थांबवावं. ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम असू शकतं.

नव्या, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये ऑक्सिजन सेन्सर मिश्रण स्वतः सांभाळतो. तिथे प्लग काळा दिसला तर आधी सेन्सर, इंजेक्टर किंवा तेल यांच्यावर संशय घ्यावा. आणि टोक पांढरं, फोड आल्यासारखं दिसलं, तर नंबर बदलण्याआधी एक साधी गोष्ट पाहावी: प्लग सैल आहे का? उष्णता आटे आणि वॉशरमधूनच हेडमध्ये जाते. सैल बसलेला थंड प्लगही भट्टीसारखा तापतो. वॉशर असलेला नवा प्लग हाताने पूर्ण बसवून पान्याने साधारण अर्धा फेरा द्यायचा. त्याहून जास्त आवळला तर हेडचे आटे जातात.