वेरूळचे कैलास : शिखरापासून जोत्याकडे

कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथात माणिकावती राणीची गोष्ट आहे. राजा आजारी पडला तेव्हा राणीने शिवाला नवस केला की राजा बरा होऊ दे, मंदिर बांधीन आणि त्याचे शिखर दिसेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. राजा बरा झाला आणि राणीचा उपास सुरू झाला. मंदिर म्हटले की आधी पाया, मग भिंती आणि शिखर सगळ्यांत शेवटी. एवढ्यात राणीचे काय व्हायचे? तेव्हा पैठणचा कोकास नावाचा शिल्पी पुढे आला आणि आठवड्याभरात शिखर दाखवतो म्हणाला. त्याने डोंगराच्या माथ्यावरून खाली कोरायला सुरुवात केली, शिखर आधी घडवले आणि राणीचा उपास सुटला.

राणी आणि आठवडा हा कथेचा भाग झाला. कामाचा क्रम मात्र कथेने अचूक टिपला आहे. वेरूळचे १६ क्रमांकाचे लेणे, म्हणजेच कैलास, खरोखरच वरून खाली आले. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, इ. स. ७५६ ते ७७३ च्या सुमारास, त्याचा मुख्य भाग घडला असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यानंतर जेमतेम चाळीस वर्षांनी, इ. स. ८१२-१३ मध्ये दिलेल्या बडोदे ताम्रपटात या मंदिराचे वर्णन आले आहे. विमानातून जाणारे देवही ते पाहून थक्क झाले आणि ‘हे माझ्या हातून झाले तरी कसे’ असे खुद्द शिल्पकाराला वाटले, असा त्याचा आशय आहे. दरबारी कवीची अतिशयोक्ती सोडली, तरी शिल्पकाराचा प्रश्न रास्त आहे.

त्याचे उत्तर डोंगरापासून सुरू होते. सह्याद्रीचा हा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहत आलेल्या लाव्हाचे थर. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट आणि एकसंध असतो, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र झालेला असतो. दोन थरांच्या मध्ये कधी मऊ लालसर मातीचा पट्टा सापडतो, त्यात पाणी झिरपते आणि तिथला खडक ठिसूळ निघतो. म्हणून लेणे कोरणाऱ्यांना जाड, घट्ट थर हवा असे. वेरूळच्या कड्यात तो होता, आणि कैलासच्या आधी दीडदोनशे वर्षे तिथे लेणी कोरली जात असल्याने या डोंगराचा स्वभाव कारागिरांच्या चांगला अंगवळणी पडलेला होता.

त्या आधीच्या लेण्यांची रीत वेगळी होती. कड्याच्या तोंडावर दार आखायचे आणि आडवे आत शिरायचे. मात्र तिथेही छत आधी आणि जमीन नंतर हाच क्रम असे. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे अर्धवट राहिले आहे, त्यात हे उघड दिसते. वरचा भाग मोकळा झालेला आहे आणि खाली खांबांचे ओबडधोबड ठोकळे अजून खडकात रुतलेले आहेत. छत आधी पुरे केले की डोक्यावर काम उरत नाही आणि उंच परांचीही लागत नाही. ज्या खडकावर कारागीर उभा, तोच त्याचा ओटा. शिवाय वरून निसटलेली कपार खालच्या तयार नक्षीवर पडण्याची भीती नसते, कारण खाली नक्षी अजून जन्मालाच आलेली नसते.

कैलासमध्ये हीच रीत उघड्या आभाळाखाली आणि प्रचंड प्रमाणावर वापरली गेली. इथला डोंगर पश्चिमेकडे उतरतो. या उतारावर दोन लांब चर समांतर आत नेले आणि मागच्या बाजूला तिसऱ्या आडव्या चराने ते जोडले. तीन बाजूंनी चर आणि चौथीकडे डोंगराचा उतार, अशा रीतीने मधोमध खडकाचा एक सुटा ठोकळा उरला. तो सुमारे ६० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि मागच्या बाजूस जवळजवळ ३० मीटर उंच होता. आज आपण ज्याला अंगण म्हणतो ते म्हणजे या चरांचा तळ. हा सगळा खड्डा सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद आहे, आणि मागचा कडा ३३ मीटरच्या आसपास उभा आहे.

चर एकदम तळापर्यंत खणून मग निवांत मूर्तिकाम केले, असे मात्र समजू नये. चर थोडा खोल जाई, उघड्या पडलेल्या खडकावर पाथरवट ढोबळ आकार काढत आणि त्यांच्या मागून मूर्तिकार बारीक टाकीने नक्षी पुरी करत. तोवर चर आणखी खाली गेलेला असे. याचा सर्वांत बोलका पुरावा वेरूळमध्ये नाही, तमिळनाडूत आहे. कळुगुमलै इथले वेट्टुवान कोविल हे पांड्यांच्या काळातले, आठव्या शतकातलेच एकाश्म मंदिर अपुरे राहिले. त्याचे शिखर गण आणि देवतांच्या मूर्तींसह रेखीव झाले आहे आणि खालचा भाग अजून ओबडधोबड खडकातच आहे.

अशा कामातली खरी अडचण बळाची नाही, आठवणीची आहे. बांधकामात चिरा चुकला तर काढून दुसरा बसवता येतो. इथे उडवलेला दगड परत येत नाही, त्यामुळे काय कोरायचे यापेक्षा कशाला हात लावायचा नाही हे आधी ठरवावे लागते. अंगणातले दोन ध्वजस्तंभ पाहा. ते साधारण १५ मीटर उंच आहेत. म्हणजे खोदकाम आजच्या जमिनीपासून १५ मीटर वर असतानाच कुणीतरी त्या उघड्या खडकावर दोन चौकोन आखून ‘इथे टाकी लावायची नाही’ असे बजावले असणार. त्या क्षणी आजूबाजूला स्तंभासारखे काहीच दिसत नव्हते. नंदीमंडप आणि मुख्य मंदिर यांना जोडणाऱ्या पुलाचा दगडही असाच राखून ठेवायचा होता, आणि खूप खाली गेल्यावर अंगणातल्या दोन हत्तींचा. बाजूच्या कड्यातल्या दालनांकडे जाणारे असेच दगडी पूल पूर्वी होते, ते पुढे कोसळले.

मग हे सारे आधी दिसले कसे? कारागिरांना मंदिर नव्याने कल्पायचे नव्हते. पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर चालुक्य राणी लोकमहादेवीने इ. स. ७४० च्या सुमारास बांधून घेतले होते, आणि कैलासची मांडणी त्याच्याशी फार जवळून जुळते : प्रवेशद्वार, नंदीमंडप, सोळा खांबांचा सभामंडप आणि मागे द्राविड धाटणीचे शिखर, सगळे एका रेषेत. नमुना तयार होता. फरक पडला तो डोंगरामुळे. विरूपाक्ष पूर्वाभिमुख आहे, पण वेरूळचा कडा पश्चिमेकडे उघडतो, म्हणून कैलासचे तोंड पश्चिमेला आले. आणि खड्ड्याच्या तळाशी बसवलेले मंदिर बुडाल्यासारखे दिसले असते, म्हणून ते जवळजवळ आठ मीटर उंच भरीव जोत्यावर उचलले असावे. जोत्याभोवती हत्तींची रांग कोरली आहे, जणू सगळा भार त्यांच्याच पाठीवर आहे. तज्ज्ञ याची इतर कारणेही देतील. पण अंगणात उभे राहून वर पाहिले की हे कारण पटते.

जोते भरीव ठेवायचे, तर सभामंडप आतून पोखरताना नेमके कुठे थांबायचे हे कळायला हवे. बाहेरचे खोदकाम मंडपाच्या दाराच्या पातळीला आले की कारागीर आडवे आत शिरले असणार, आणि आत पुन्हा तोच क्रम : छत, खांबांची डोकी, खांब, शेवटी जमीन. बाहेरची आणि आतली पातळी जुळवण्यात हातभर चूक झाली असती तर एकतर दारात पायरी आली असती किंवा जोते पातळ झाले असते.

दगड सगळीकडे सारखा साथ देत नाही. मध्येच भेग निघते, मूर्तीच्या खांद्यावर सच्छिद्र पट्टा येतो. त्यावर कारागिरांचा एक उपाय होता चुन्याचा. कैलासवर पांढऱ्या गिलाव्याचा हात दिलेला होता, त्याचे तुकडे आजही भिंतींवर टिकून आहेत आणि छतांवर चित्रांचे रंगही दिसतात. गिलाव्याने मंदिराला कैलास पर्वताची शुभ्रता दिली आणि खडकातले दोषही झाकले. आपण जे काळेभोर कैलास मनात धरून बसलो आहोत, ते राष्ट्रकूटांनी पाहिलेलेच नाही.

एवढा दगड माणसांनी काढणे शक्यच नव्हते, म्हणून हे परग्रहवासीयांचे काम, असे सांगणारे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात. त्यासाठी साधा हिशोब पुरतो. काढलेल्या दगडाचा ढोबळ अंदाज दोन लाख टनांच्या आसपास येतो. काम वीस वर्षे चालले आणि पावसाळ्याचे खाडे धरून वर्षाला २५० दिवस भरले असे मानू. म्हणजे दिवसाला ४० टन, सुमारे १४ घनमीटर, अर्थात साधारण ५०० घनफूट. घण, पहार आणि पोलादी टाकी घेऊन एका माणसाने दिवसभरात घनफूटभरच दगड फोडला, तरी ५०० माणसे लागतात. राडारोडा वाहणारे, बोथट टाक्यांना धार लावणारे लोहार आणि मूर्तिकार धरून संख्या दुप्पट होईल. एका साम्राज्याला हे अवघड नव्हते. मागच्या आणि बाजूच्या कड्यांवर टाकीच्या तिरप्या खुणांच्या ओळी आजही स्पष्ट आहेत. खोदणाऱ्याचा हात कुठून कुठे फिरला हे त्यांवरून समजते.

सगळे एकाच राजाच्या काळात झाले असेही नाही. अंगणाच्या कडेची मूर्तींची दालने, उत्तरेच्या कड्यातले लंकेश्वर अशा काही भागांची शैली वेगळी आहे, आणि ती नंतरची असावीत असे हर्मन गोट्झ आणि म. के. ढवळीकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडले आहे. कोणता भाग किती नंतरचा, यावर त्यांच्यात मतभेद आहेत.

वेरूळला जाल तेव्हा दारातून थेट आत शिरू नका. आधी लेण्याच्या बाजूने डोंगरावर चढा आणि कड्याच्या फार जवळ न जाता वरून खाली पाहा. सभामंडपाच्या छतावरचे कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह तिथूनच नीट दिसतात, आणि कारागिरांनी काम ज्या क्रमाने केले त्याच क्रमाने मंदिर समोर येते. मग खाली उतरून अंगणात फिरा. वेळ उरला तर ३० क्रमांकाचे जैन लेणे, म्हणजे अपुरे राहिलेले छोटा कैलास, चुकवू नका. मंगळवारी मात्र लेणी बंद असतात.