भाव मांडणाऱ्याचा नफा आणि धोका

ब्रिटनमध्ये घोड्यांच्या शर्यतीवर पैज लावायची, तर पूर्वी बहुधा बुकीकडे जावे लागे. २००० साली तेथे ‘बेटफेअर’ हा पैजांचा बाजार सुरू झाला. या बाजारात गिऱ्हाइके एकमेकांशीच पैज लावतात. घोडा जिंकेल म्हणून पैसे लावणे याला ‘बॅक’ म्हणतात. तो जिंकणार नाही असे समजून समोरच्याची पैज स्वीकारणे याला ‘ले’ म्हणतात. बाजार चालवणारी कंपनी निव्वळ नफ्यावर दलाली घेते.

समजा, एका घोड्याची जिंकण्याची संभाव्यता १/४ आहे. तिचा व्यस्त, म्हणजे ४, हा त्या घोड्याचा रास्त भाव. १०० पौंड लावणाऱ्याला घोडा जिंकल्यास मुद्दलासह ४०० पौंड मिळतात. या भावाने सरासरीत कोणाचाच फायदा नाही. म्हणून आपण त्याच्या दोन्ही बाजूंना भाव मांडून ठेवू : ३.९ ने ले आणि ४.१ ने बॅक.

कोणीतरी आपल्याकडे ३.९ ने १०० पौंड लावले. घोडा जिंकला तर आपण २९० पौंड देणे लागतो. हरला तर १०० आपले. थोड्या वेळाने आपली ४.१ ची बॅकही कोणी स्वीकारली. तिची रक्कम आपण ९५.१२ पौंड ठेवली असेल, तर घोडा जिंको वा हरो, आपल्याला सुमारे ४.८८ पौंड उरतात. त्यातून दलाली जाते. येथे घोड्याची पारख लागली नाही. दोन भावांमधील अंतर हीच आपली कमाई.

मग धोका कोठे? दुसरी बाजू भरेलच असे नाही. समजा, ले झाली आणि लगेच या घोड्याच्या बाजूची मोठी बातमी पसरली. भाव २.५ वर आला. आता सुटका करून घ्यायची तर २.५ ने १५६ पौंड बॅक करावे लागतात, आणि निकाल काहीही लागला तरी ५६ पौंडांचा तोटा होतो. अकराहून अधिक यशस्वी जोड्यांची कमाई एका फटक्यात गेली!

हा केवळ दैवाचा खेळ नव्हे. ज्याला बातमी आधी कळली, तोच आपला जुना भाव धावत येऊन उचलतो. म्हणजे आपली पैज ज्या क्षणी स्वीकारली जाते, त्याच क्षणी आपला रास्त भाव चुकलेला असण्याची शक्यता वाढते.

हे ओळखण्यासाठी प्रत्येक पैजेनंतर एका मिनिटाने बाजारभाव काय होता, याची नोंद ठेवावी. ले केल्यावर भाव बहुधा उतरत असेल आणि बॅक केल्यावर चढत असेल, तर समोरच्यांना आपल्यापेक्षा अधिक माहिती आहे असे समजावे. तेव्हा दोन भावांतील अंतर वाढवावे, रक्कम कमी ठेवावी आणि एक बाजू भरताच दोन्ही भाव सरकवावेत. मात्र अंतर फार वाढवले, तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते. धोका त्यामुळे कमी होतो, संपत नाही.