लॉक-इन, नोटीस आणि डिपॉझिट : भाडेकरार सहीपूर्वी वाचताना

महाराष्ट्रात राहता फ्लॅट भाड्याने देताना होणारा करार बहुतेक वेळा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असतो. त्यात राहणाऱ्याला ठरावीक मुदतीपुरती घर वापरण्याची परवानगी मिळते, घरावर हक्क मिळत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 नुसार मुदत संपल्यावरही घर सोडले नाही, तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. त्यामुळे करारातली मुदतीची तारीख नेमकी पाहून घ्यावी. ‘पुढे बघू’ हे घरमालकाचे तोंडी आश्वासन इथे उपयोगी पडत नाही.

याच कायद्याच्या कलम 55 नुसार करार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणीही व्हावी लागते. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट काही सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे एजंट अजूनही सांगतात. महाराष्ट्रात ते खरे नाही. खर्च कोणी करायचा हे मात्र दोघांनी आपसात ठरवायचे असते.

अटी उदाहरणातून पाहणे सोपे जाईल. समजा, पुण्यातल्या एका फ्लॅटचा करार 1 जूनपासून अकरा महिन्यांचा आहे. भाडे महिना 20,000 रुपये, डिपॉझिट 60,000, लॉक-इन सहा महिन्यांचे आणि नोटीस एका महिन्याची.

लॉक-इन म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही तो काळ. इथे तो 30 नोव्हेंबरपर्यंत आहे. भाडेकरूची बदली झाली आणि त्याने 30 सप्टेंबरला घर सोडले, तर उरलेल्या दोन महिन्यांचे 40,000 रुपये घरमालक मागू शकतो आणि सहसा ते डिपॉझिटमधूनच वळते करतो. कराराच्या सर्वसाधारण कायद्यानुसार अशी भरपाई वाजवी असावी लागते. ऑक्टोबरमध्येच दुसरा भाडेकरू राहायला आला, तर पूर्ण रकमेची मागणी टिकणे अवघड. पण पैसे आधीच घरमालकाच्या हातात असल्याने भांडायची पाळी भाडेकरूवर येते. म्हणून नोकरी फिरतीची असेल, तर बदली झाल्यास लॉक-इन लागू होणार नाही असे एक वाक्य आधीच घालून घेणे बरे. लॉक-इन दोघांनाही बांधते की फक्त भाडेकरूला, हेही पाहावे. एकतर्फी असेल, तर घरमालक सहा महिन्यांच्या आतही नोटीस देऊन घर रिकामे करायला सांगू शकतो.

खरी गफलत होते ती लॉक-इन आणि नोटीस एकमेकांना भिडतात तिथे. लॉक-इन संपण्यापूर्वी ‘घर सोडता येणार नाही’ असे लिहिले असेल, तर 31 ऑक्टोबरपर्यंत नोटीस देऊन 30 नोव्हेंबरला बाहेर पडता येते. ‘नोटीस देता येणार नाही’ असे असेल, तर नोटीस डिसेंबर उजाडल्यावरच देता येईल आणि मुक्काम 31 डिसेंबरपर्यंत लांबेल. एका शब्दापायी 20,000 रुपये जास्त जातात. नोटीस कशी द्यायची, हेही करारात असते. बऱ्याच करारांत ती लेखी मागितलेली असते. व्हॉट्सॲप किंवा ईमेल चालणार असेल, तर तसे लिहून घ्यावे, कारण फोनवरच्या बोलण्याचा पुरावा उरत नाही.

डिपॉझिट बहुधा बिनव्याजी असते आणि घराचा ताबा परत देताना मिळायचे असते. ‘घर सोडल्यावर परत केले जाईल’ एवढेच लिहिलेले असेल, तर ‘सोडल्यावर’ म्हणजे किती दिवसांनी, हा प्रश्न राहतोच. चावी देताना त्याच दिवशी, किंवा फार तर इतक्या दिवसांत, असे स्पष्ट असावे. थकलेले भाडे, वीजबिल आणि मोडतोड यांची वजावट रास्त आहे. रंगकामाचे तसे नाही. अनेक करारांत एका महिन्याचे भाडे रंगकामासाठी कापण्याची अट असते, आणि ती सहीखाली असेल तर नंतर हरकत घेणे कठीण जाते. ती काढून ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून’ हे शब्द घालून घेता येतात. सोबत पंखे, गीझर, कपाटे यांची यादी जोडावी आणि राहायला येण्याच्या दिवशीच भिंतींची ओल, फुटलेली फरशी, गळके नळ यांचे फोटो काढून घरमालकाला पाठवावेत. शेवटचे दोन-तीन महिने भाडे न देता ते डिपॉझिटमधून वळते करण्याची पद्धत सर्रास आहे, पण घरमालकाची लेखी संमती नसेल तर ती थकबाकीच ठरते.

बाकीच्या अटी लवकर वाचून होतात. सोसायटीचा मेंटेनन्स सहसा घरमालकाकडे आणि वीजबिल भाडेकरूकडे असते. मोठ्या दुरुस्त्या मालकाने आणि किरकोळ भाडेकरूने करायच्या असतात, पण किरकोळ म्हणजे किती रुपयांपर्यंत, तो आकडा लिहिलेला बरा. नूतनीकरणाच्या वेळची भाडेवाढही टक्क्यांत नमूद असावी, नाहीतर अकराव्या महिन्यात ती नव्याने घासाघीस करून ठरवावी लागते.