प्रश्नपेढी पारखताना

नीटच्या तयारीसाठी बाजारात मिळणाऱ्या प्रश्नपेढ्यांवर पहिला आकडा छापलेला असतो तो प्रश्नांच्या संख्येचा. पाच हजार, दहा हजार, कधी त्याहून जास्त. या आकड्यावरून पेढीची जाडी कळते, गुणवत्ता कळत नाही. गुणवत्ता दोन गोष्टींवरून ठरते. उत्तरामागचे स्पष्टीकरण कसे आहे ही एक, आणि पेढीतील काठिण्य प्रत्यक्ष परीक्षेशी किती जुळते ही दुसरी. दोन्ही तपासता येतात. त्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही; एखादी दुपार, पाठ्यपुस्तक आणि परीक्षेची खरी प्रश्नपत्रिका एवढे पुरते.

स्पष्टीकरण तपासायचे तर एक साधा प्रश्न घ्यावा. काचेच्या बहिर्वक्र भिंगाचे हवेतील नाभीय अंतर 20 सेंमी आहे. काचेचा अपवर्तनांक 1.5 आणि पाण्याचा 4/3. भिंग पाण्यात पूर्ण बुडवले तर नाभीय अंतर किती होईल? पर्याय असे: 15, 20, 26.7 आणि 80 सेंमी.

भिंग प्रकाशाला किती वाकवते हे काचेच्या एकट्या अपवर्तनांकावर ठरत नाही. काच आणि भोवतालचे माध्यम यांच्या अपवर्तनांकांचे गुणोत्तर काढून त्यातून 1 वजा केल्यावर जे उरते, त्यावर ते ठरते. हवेत हे उरणे 0.5 आहे. पाण्यात 1.5 भागिले 4/3 म्हणजे 1.125, आणि त्यातून 1 गेला की 0.125. वाकवण्याची ताकद चौपट कमी झाली, म्हणून नाभीय अंतर चौपट वाढून 80 सेंमी झाले.

निकृष्ट पेढीत या प्रश्नाखाली ‘भिंगकर्त्याच्या सूत्रात किंमती घालून उत्तर 80 सेंमी’ एवढीच ओळ सापडते. उत्तर बरोबर आहे, पण ज्याला ते आले नाही त्याच्या हाती काहीच लागत नाही. चांगले स्पष्टीकरण चुकीच्या पर्यायांकडेही वळते. 26.7 हा आकडा कुठून आला? 20 ला 4/3 ने गुणून. 15 कुठून? 20 ला 4/3 ने भागून. म्हणजे प्रश्न रचणाऱ्याने विद्यार्थ्यांच्या नेमक्या चुका हेरून ते पर्याय ठेवले आहेत. स्पष्टीकरणाने त्या चुकांची नावे घेतली, तर 26.7 वर खूण करणाऱ्याला आपले काय चुकले ते तिथेच उमगते. पर्यायांमागे अशी चूक दडलेलीच नसेल, म्हणजे 80 च्या शेजारी 37, 52 आणि 91 असे ओढूनताणून आणलेले आकडे असतील, तर तो प्रश्न घाईत जुळवलेला आहे असे खुशाल समजावे.

जीवशास्त्रात निकृष्ट स्पष्टीकरणाचे रूप वेगळे असते. तिथे प्रश्नच उलटा करून उत्तर म्हणून लिहिला जातो. कोणत्या शिरेतून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहते, या प्रश्नाला ‘फुप्फुस शिरेतून ऑक्सिजनयुक्त रक्त वाहते, म्हणून पर्याय 3 बरोबर’ असे स्पष्टीकरण दिलेले असते. ‘म्हणून’ या शब्दाखेरीज त्यात काहीही नवे नाही. शिरा की धमनी हे रक्त कसे आहे यावरून ठरत नाही, ते हृदयाकडे येते की हृदयापासून जाते यावरून ठरते, हे एक वाक्य तिथे हवे होते. ते असते तर फुप्फुस धमनीवरचा पुढचा प्रश्न न वाचलेला असूनही सुटला असता. स्पष्टीकरण वाचून त्याच मुद्द्यावरचा दुसरा प्रश्न सोडवता येतो का, ही त्याची सर्वात सोपी कसोटी.

आता उत्तरांच्या अचूकतेकडे. सगळी पेढी तपासणे अशक्य, म्हणून नमुना घ्यावा लागतो. पहिल्या प्रकरणातले पन्नास प्रश्न घेण्यात अर्थ नाही, कारण विकत घेण्यापूर्वी चाळणारा माणूस तीच पाने उघडतो हे प्रकाशकालाही ठाऊक असते. पाच हजार प्रश्न असतील तर एक ते शंभरपैकी कुठलाही आकडा चिठ्ठीने काढावा आणि तिथून दर शंभरावा प्रश्न घ्यावा. असे पन्नास प्रश्न आधी उत्तर झाकून सोडवावेत आणि मग पेढीशी ताडून पाहावेत. जिथे मतभेद होईल तिथे एनसीईआरटीचे पुस्तक उघडावे.

पन्नासात एकही चूक सापडली नाही तरी पेढी निर्दोष ठरत नाही. संख्याशास्त्रातला एक जुना ठोकताळा आहे: नमुन्यात चुका शून्य आल्या, तर 3 ला नमुन्याच्या संख्येने भागावे, खरे प्रमाण फार तर तेवढे असू शकते असे 95 टक्के खात्रीने म्हणता येते. 3 भागिले 50 म्हणजे 6 टक्के. पाच हजारांच्या पेढीत याचा अर्थ तीनशेपर्यंत चुका दडलेल्या असू शकतात. म्हणून स्वच्छ नमुना एवढेच सांगतो की पेढी फार वाईट नाही. उलट पन्नासात चार-पाच चुका निघाल्या, तर आणखी तपासत बसण्याची गरज उरत नाही.

मतभेद झाला की पुस्तक उघडावे हे म्हणायला सोपे आहे, पण पुस्तकही आवृत्तीगणिक बदलते. 2024 च्या नीटमध्ये अणूवरचा एक दोन विधानांचा प्रश्न होता. त्यातले दुसरे विधान असे की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत ‘प्रत्येक मूलद्रव्य’ अशीच शब्दयोजना होती. नव्या आवृत्तीत ती ‘बहुतेक मूलद्रव्ये’ अशी झाली, कारण किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात. एनटीएने आधी एक उत्तर ठरवले, मग जुने पुस्तक वाचलेल्यांसाठी दुसरेही मान्य केले. जूनमध्ये पूर्ण 720 गुण मिळवणारे 67 विद्यार्थी जाहीर झाले, त्यांतल्या 44 जणांचे गुण या एका प्रश्नामुळे पूर्ण झाले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीतील तीन तज्ज्ञांचे मत मागवले, त्यांनी एकच उत्तर बरोबर असल्याचे सांगितले आणि जुलैतील सुधारित निकालात पूर्ण गुणांचे विद्यार्थी 17 उरले.

पेढी पारखणाऱ्याला यातून एक नेमके काम मिळते. हा प्रश्न पेढीत शोधावा आणि त्याखाली कोणते उत्तर दिले आहे ते पाहावे. नव्या पाठ्यपुस्तकाला धरून एक उत्तर आणि त्यामागचे कारण दिले असेल, तर संपादकाने पेढी अद्ययावत ठेवली आहे. दोन्ही उत्तरे बरोबर असे छापले असेल, तर पहिल्या उत्तरतालिकेनंतर त्या पानाकडे कोणी फिरकलेले नाही.

शिकवणी वर्गातल्या शिक्षकाकडे आणखी एक हत्यार असते, ते म्हणजे मुलांची उत्तरे. साठ जणांच्या वर्गाला चाचणी दिली, तर एकूण गुणांनुसार वरची 27 टक्के आणि खालची 27 टक्के मुले वेगळी काढतात. साठात ती प्रत्येकी सोळा भरतात. समजा भिंगाच्या वरच्या प्रश्नात पेढीच्या तालिकेनुसार वरच्या सोळांपैकी पाच जण बरोबर ठरले आणि खालच्या सोळांपैकी नऊ. हुशार मुले चुकतात आणि कच्ची मुले बरोबर येतात असा हा प्रकार. फरक उणे चार, त्याला सोळाने भागले की उणे 0.25. परीक्षाशास्त्रात याला भेदन निर्देशांक म्हणतात आणि तो उणे आला की पहिला संशय उत्तरतालिकेवर घ्यायचा असतो. तालिका उघडली तर तिथे 26.7 छापलेले निघते. वरची मुले 80 वर खूण करून चूक ठरत होती आणि 4/3 ने सरळ गुणणारी बरोबर. अर्थात सोळाच्या गटात एक-दोन मुलांच्या फरकाने आकडा हलतो, त्यामुळे 0.1 आणि 0.15 यांच्यात भेद करत बसू नये. उणे चिन्ह मात्र दुर्लक्षू नये.

काठिण्याची तुलना याहून अवघड आहे, कारण तिथे फसगत लवकर होते. ‘ही पेढी सोडवली की खरा पेपर सोपा वाटतो’ ही जाहिरातबाजांची आवडती ओळ. तिच्यात अवघडपणाच्या दोन जाती एकत्र केलेल्या असतात. एखादा प्रश्न दोन संकल्पना जोडायला लावतो म्हणून अवघड असतो, तर एखादा पुस्तकात नसलेले नाव किंवा आकडा विचारतो म्हणून. नीटचे जीवशास्त्र एनसीईआरटीच्या ओळींना चिकटून असते. त्यामुळे पुस्तकाबाहेरच्या जातींची नावे विचारणारी पेढी अवघड असली तरी नीटसारखी नसते. भौतिकशास्त्रात जेईई अ‍ॅडव्हान्स्डचे लांबलचक गणित उचलून ठेवणे हाही त्यातलाच प्रकार. 180 प्रश्नांना 180 मिनिटे असलेल्या परीक्षेत आठ मिनिटे खाणारे गणित येत नाही.

तुलना करण्याची प्रामाणिक पद्धत एकच. विद्यार्थ्याने आधी न पाहिलेली नीटची एक खरी प्रश्नपत्रिका आणि पेढीतला एक पूर्ण सराव पेपर, दोन्ही घड्याळ लावून एकाच आठवड्यात सोडवायचे. ‘न पाहिलेली’ ही अट महत्त्वाची, कारण बहुतेक पेढ्यांत जुने खरे प्रश्न मिसळलेले असतात आणि ओळखीचा प्रश्न नेहमीच सोपा वाटतो. मग बेरीज बाजूला ठेवून विषयवार पाहायचे. समजा पेढीच्या पेपरात भौतिकशास्त्राचे 45 पैकी 24, रसायनशास्त्राचे 45 पैकी 30 आणि जीवशास्त्राचे 90 पैकी 84 प्रश्न बरोबर आले, एकूण 138. खऱ्या पेपरात अनुक्रमे 31, 30 आणि 76, एकूण 137. बेरीज पाहून दोन्ही पेपर सारखे वाटतात. प्रत्यक्षात पेढीचे भौतिकशास्त्र गरजेपेक्षा जड आहे आणि जीवशास्त्र हलके. तिच्यावर विसंबलेला विद्यार्थी भौतिकशास्त्रात विनाकारण खचेल आणि निम्मे गुण असलेल्या विषयात निर्धास्त राहील. एका विद्यार्थ्याच्या आकड्यांवर निवाडा करू नये. पाच-सहा जणांचा कल एकाच बाजूला झुकला तर तो धरून चालावे.

खरी परीक्षाही एका जागी उभी नसते. 2024 मध्ये सुधारणेनंतरही 17 जणांना 720 पैकी 720 मिळाले होते. 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण 686 होते आणि भौतिकशास्त्र फार जड गेल्याची तक्रार सर्वत्र झाली. त्यामुळे काठिण्य जुळवायचे ते एका वर्षाशी नव्हे, लागोपाठच्या दोन-तीन पेपरांशी. अभ्यासक्रमही 2024 पासून कमी झाला आहे. घन अवस्था, पॉलिमर, पचन आणि शोषण ही प्रकरणे वगळली गेली. आजच्या पेढीत पॉलिमरवर पन्नास प्रश्न असतील, तर मुखपृष्ठावरचे वर्ष नवे आणि आतला मजकूर जुना आहे.

मराठी माध्यमातून नीट देणाऱ्यांनी एक तपासणी जास्तीची करावी. प्रश्नाच्या मराठी भाषांतरात आणि इंग्रजी मजकुरात तफावत आढळली, तर परीक्षेत इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. म्हणून मराठी पेढीतल्या प्रश्नाशेजारी त्याचा इंग्रजी मूळ मजकूर छापलेला आहे का, हे विकत घेण्यापूर्वीच पाहावे.