विहिरीतून टाकीत

पालघर-बोईसर रस्त्यावरील कोळगाव, जिथे सिडकोने उभारलेले पालघर जिल्ह्याचे मुख्यालय ऑगस्ट २०२१ पासून कार्यरत आहे, ते पूर्वी भाताच्या शेतांत वसलेले एक साधे खेडे होते. या मुलखातील हिवताप ओढ्यांचा, पाझरांचा आणि भातखाचरांचा असे. तो पसरविणारे डास रात्री माणसांच्या घरांत व गोठ्यांत शिरून भिंतींवर विसावत, आणि म्हणूनच १९५८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रमाने भिंतींवर डीडीटी फवारली, तेव्हा गावोगावचा ताप झपाट्याने ओसरला. त्या यशानेच आपली एक समजूत दृढ केली, की हिवताप हा रानावनाचा रोग असून शहर वाढले की तो मागे हटतो.

ही समजूत चुकीची असल्याचा पुरावा मुंबईने फार पूर्वीच दिला होता. गोदीच्या खोदकामाच्या दिवसांत तेथे तापाने थैमान घातल्यावर डॉ. बेंटले यांनी शहराची पाहणी केली, आणि १९११ च्या त्यांच्या अहवालात दोष दलदलीवर न येता घरोघरच्या विहिरी व टाक्यांवर आला. १९०१ मध्ये लिस्टन यांनी ज्याचे शास्त्रीय वर्णन केले, तो अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी माणसाने साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढत होता. विहिरी बुजविण्याचे हुकूम निघाले. पारशी व हिंदू कुटुंबांनी धर्मभावनेपोटी हरकती घेतल्या, आणि कित्येक विहिरींना जाळीदार झाकणे बसविण्याची तडजोड करावी लागली. पुढे नळाचे पाणी आले, विहिरी मागे पडल्या, परंतु दिवसाचे काही तासच येणारे ते पाणी साठविण्याकरिता प्रत्येक छपरावर टाकी चढली. डासाने विहीर सोडली ती टाकीत शिरण्यासाठी. २०१० साली मुंबईत पाऊण लाखाच्या आसपास रुग्ण नोंदले गेले, आणि बांधकामांच्या जागा त्या वर्षीच्या चिंतेचा मुख्य विषय ठरल्या.

बांधकामाची जागा म्हणजे नेमके काय, हे बोईसरकडील एका अर्धवट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मी जवळून पाहिले आहे. स्लॅब ओतल्यावर काँक्रीट तडकू नये म्हणून मसाल्याचे बोटभर उंचीचे बांध घालून वाफे केले होते आणि त्यांत पाणी सोडले होते. असे पाणी किमान सात दिवस ठेवावे, हा गवंडीकामाचा दंडक. उष्ण हवेत अंड्यापासून पंख फुटेपर्यंत डासास लागणारा काळही आठ-दहा दिवसांचा. म्हणजे वाफा ठरल्या दिवशी सुकविला तर अळ्या मरतात, आणि मुकादमाने पुढच्या मजल्याच्या घाईत तो तसाच सोडला, की डास बाहेर पडतो. मी पळीने पाणी उचलले तेव्हा चार अळ्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या निजल्या होत्या. क्युलेक्सच्या अळीप्रमाणे डोके खाली करून लोंबकळत नव्हत्या. ती खूण अ‍ॅनोफिलीसची. मात्र जात कोणती हे अळीकडे नुसत्या डोळ्यांनी पाहून कळत नाही. ती बरणीत वाढवावी लागते आणि पूर्ण डास झाल्यावर त्याच्या पायांवरील ठिपक्यांनी व मुखाजवळच्या पट्ट्यांनी ओळखावी लागते.

येथेच नियंत्रणाची गुंतागुंत सुरू होते. टाकीतला स्टीफेन्सी घरातल्या फवारलेल्या भिंतीवर बसेलच असे नाही, आणि तेवढ्यावर भागत नाही. शिवाय तो पावसाळ्यावर अवलंबून नाही, कारण टाकी बारमाही भरलेली असते. त्याच वेळी अशा इमारतीच्या तळाशी पत्र्याच्या खोल्यांत राहणारा मजूर दूरच्या प्रांतातून येतो. त्याच्या यकृतात व्हायवॅक्सचे सुप्त जंतू महिनोन्महिने दडून राहू शकतात, आणि प्रायमाक्वीनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी ताप उतरताच थांबल्या तर ते पुन्हा जागे होतात; मजूर मात्र तोवर दुसऱ्या कामावर गेलेला असतो, आणि नोंद राहते ती जुन्या पत्त्यावर.

१९७१ साली केंद्र सरकारने नागरी हिवताप योजना सुरू केली. पन्नास हजारांहून अधिक वस्तीच्या व विशिष्ट प्रादुर्भावाच्या शहरांसाठी ती होती, आणि त्या शहरांनी टाक्यांसंबंधीचे उपविधी करून अमलात आणावेत अशी तिची अट होती. यातील अडचण मला फार जाचते. कोळगावासारखे गाव, जे महसुली दप्तरात गाव पण छपरांवर शहर आहे, त्या चौकटीत सहज बसत नाही; टाकीचे झाकण नाही म्हणून नोटीस कोणी काढावी, हा प्रश्न तेथे अधांतरी राहतो.

डास मात्र कोणाच्या हद्दीची तमा बाळगत नाही. २०१२ मध्ये स्टीफेन्सी जिबुतीत आढळला, २०१६ मध्ये इथिओपियात, आणि २०२२ साली तेथील डिरे दावा शहरात भर कोरड्या हंगामात हिवतापाची साथ उसळली, तेव्हा शोध घेणाऱ्यांना तो घरोघरी साठविलेल्या पाण्यातच सापडला. त्या बोईसरच्या इमारतीत मुकादमाने माझ्या देखत वाफ्याचा बांध कुदळीने फोडला. पाणी स्लॅबवरून सरकत पागोळीसारखे खाली गळाले आणि ओल्या सिमेंटवर अळ्या काही क्षण वळवळत राहिल्या. गच्चीवरच्या टाकीपर्यंत त्या दिवशी आम्हांला जाता आले नाही, कारण जिन्याच्या दाराला कुलूप होते आणि किल्ली मालकाकडे होती.